समोरच्याचं वाक्य आधी, दोष नंतर: शालेय वादविवादासाठी तर्कदोषांची ओळख

तर्कदोषांची यादी पाठ करून आलेला संघ लगेच ओळखू येतो. समोरचा बोलत असताना ही मुलं कागदावर ‘स्ट्रॉ मॅन’, ‘ॲड होमिनेम’ असे शिक्के मारत बसतात आणि खंडनाला उभी राहिली की तेच शिक्के वाचून दाखवतात. परीक्षकांच्या हाती त्यातून काही लागत नाही. दोष कुठे आहे, त्यामुळे नेमकं काय सिद्ध व्हायचं राहिलं, हे कोणी सांगतच नाही. म्हणून या लेखात नावं कमी आहेत आणि काम जास्त आहे. बुजगावणं उभं करणं (स्ट्रॉ मॅन) आणि माणसावर घसरणं (ॲड होमिनेम) हे दोन दोष सविस्तर पाहू, कारण शालेय स्पर्धांत तेच सर्वाधिक दिसतात. बाकीचे काही ओघात येतील.

उदाहरणासाठी एकच विषय शेवटपर्यंत धरू: ‘पाचवी आणि आठवीत नापास करण्याची पद्धत योग्य आहे.’ आपल्याकडच्या अनेक स्पर्धांत एका शाळेचे दोघे येतात, एक अनुकूल बाजूने बोलतो आणि दुसरा प्रतिकूल. त्यामुळे दोन्ही बाजू तयार ठेवाव्याच लागतात. वेळ स्पर्धेगणिक बदलते, इथे पाच मिनिटं मांडणी आणि दोन मिनिटं खंडन असं धरलं आहे.

विषयाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 16 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला मागच्या वर्गात ठेवता येत नव्हतं. 2019 मध्ये हे कलम बदललं. आता पाचवी आणि आठवीच्या शेवटी परीक्षा होते. जे मूल त्यात नापास होईल त्याला जादा शिकवायचं आणि निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी द्यायची. तिथेही ते नापास झालं, तर त्याला मागे ठेवायचं की नाही हे सरकार ठरवू शकतं. महाराष्ट्राने 2023 मध्ये मागे ठेवण्याची तरतूद स्वीकारली. एवढं लक्षात ठेवा, कारण खाली येणारे बहुतेक दोष यातलाच एखादा तुकडा गाळून तयार झालेले आहेत.

पहिली पायरी: कागद

तर्कदोष पकडण्याची सुरुवात कानांनी होत नाही, कागदावर होते. ए-फोर कागद आडवा धरा आणि त्याचे तीन रकाने करा. पहिल्यात समोरच्याचा दावा, दुसऱ्यात त्याने दिलेलं कारण, तिसऱ्यात तुमचं उत्तर. पहिल्या दोन रकान्यांत त्याचे शब्द लिहायचे, तुमचा अर्थ लिहायचा नाही. सगळं लिहून होत नाही, व्हायला नकोही. पण ‘तरच’, ‘बहुतेक’, ‘काही ठिकाणी’, ‘शेवटचा उपाय म्हणून’ असे शब्द आले तर ते लिहा आणि त्यांना गोल करा. नवखी मुलं आकडे टिपतात आणि हे शब्द सोडून देतात. पुढे भांडण होतं ते याच शब्दांवरून.

दावा आणि कारण शेजारी-शेजारी दिसले की मधल्या जागेत एक प्रश्न टाकायचा: ‘यावरून ते कसं?’ उत्तर सहज सुचलं तर तो युक्तिवाद ठीक आहे आणि तुम्हाला त्याच्या कारणावर किंवा पुराव्यावर बोलावं लागेल. उत्तर सुचलंच नाही, तर तिथे दोष असण्याची शक्यता आहे. त्याचं नाव अजून शोधू नका.

दुसरा रकाना कोरा राहिला तर त्याचीही नोंद घ्या. पाच मिनिटांच्या भाषणात तीन-चार दावे कारणाशिवायच येतात, भाषण जोरकस असलं की हमखास. त्यांना तर्कदोष म्हणायचं कारण नाही, ‘याला कारण दिलेलं नाही’ एवढं पुरतं.

बुजगावणं कसं उभं राहतं

अनुकूल बाजूची मुलगी म्हणते: “पाचवी संपताना मुलाला वाचता येत नसेल, तर त्याला सहावीत ढकलून आपण त्याचं भलं करत नाही. त्याला दोन महिने जादा शिकवा, फेरपरीक्षा घ्या आणि तरीही जमलं नाही तरच त्याच वर्गात ठेवा.”

त्यानंतर प्रतिकूल बाजूचा मुलगा उठतो: “म्हणजे माझ्या मैत्रिणीचं म्हणणं असं की, दहा वर्षांच्या पोराचा एक पेपर चुकला की त्याला मागच्या बाकावर बसवा! तीन तासांच्या कागदावर कोणाचं आयुष्य ठरवायचं का?”

टाळ्या मिळतात. आता कागद पाहा. जादा शिकवणं गेलं. फेरपरीक्षा गेली. ‘तरच’ या शब्दाची जागा ‘चुकला की’ने घेतली. त्याने खोडलेलं मत त्या सभागृहात कोणी मांडलेलंच नव्हतं. स्ट्रॉ मॅन म्हणतात तो हा. समोरच्याच्या मताची दुबळी प्रतिकृती करायची, तिला पाडायचं आणि मूळ मत पडलं असं भासवायचं.

हे नेहमी लबाडीने होत नाही, हे ध्यानात घ्या. बहुतेक वेळा वक्त्याने घरून उत्तर लिहून आणलेलं असतं आणि समोरचं भाषण त्या उत्तराला जुळत नसतं. मग तो भाषणच कापून उत्तराच्या मापाचं करतो. त्यामुळे ज्या संघाने प्रतिपक्षाची फक्त दुबळी मांडणी गृहीत धरून तयारी केली आहे, तो बुजगावणी जास्त उभी करतो.

ऐकताना एक खूण उपयोगी पडते. खंडनातलं वाक्य ‘म्हणजे’ने सुरू झालं की पेन उचला. ‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय’, ‘म्हणजे उद्या कोणी’ अशा वाक्यांत मूळ विधान बदलण्याची दाट शक्यता असते. बदल साधारण तीन प्रकारे होतो. अट गळते, जशी वर गळली. किंवा ‘काही’चं ‘सगळे’ होतं. किंवा समोरच्याच्या चार कारणांतलं सर्वांत कच्चं कारण उचलून तेच त्याचं एकमेव कारण असल्यासारखं मांडलं जातं. तिसरा प्रकार पकडायला अवघड, कारण त्यात शब्द खरे असतात, निवड मात्र खोटी असते.

उलट बाजूनेही हेच होतं. प्रतिकूल वक्ता म्हणतो की मुलाला मागे ठेवू नये, वर्षभर मूल्यमापन करून तिथल्या तिथे मदत करावी. अनुकूल बाजू त्यावर म्हणते, “यांना परीक्षाच नकोत, अभ्यास नको.” पण नापास न करण्याच्या धोरणासोबत याच कायद्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनही होतं. आकारिक चाचण्या, तोंडी काम, प्रकल्प हे सगळं तुम्ही स्वतः केलेलं आहे. त्या चाचण्या नीट होत होत्या का, हा रास्त प्रश्न आहे आणि त्यावर अनुकूल बाजू जोरात बोलू शकते. ‘त्यांना परीक्षा नको’ हे मात्र बुजगावणं.

उत्तर कसं द्यायचं

बुजगावण्याला उत्तर देताना ‘माझ्या म्हणण्याचा विपर्यास केला’ अशी तक्रार करत बसू नका. परीक्षकांनी दोन्ही भाषणं ऐकलेली असतात, पण तुमचं नेमकं वाक्य त्यांच्याही लक्षात राहिलेलं नसतं. ते पुन्हा ऐकवा, फरक बोट ठेवून दाखवा आणि पुढे जा. वरच्या मुलीचं उत्तर असं होऊ शकतं:

“मी म्हटलं होतं, जादा शिकवून आणि फेरपरीक्षा घेऊनही जमलं नाही तरच. माझ्या मित्राने उत्तर दिलं ते एका पेपरावर मागे ठेवण्याला. तशा धोरणाला माझाही विरोध आहे. मी सुचवलेल्या दोन महिन्यांबद्दल ते काहीच बोलले नाहीत.”

याला पंधरा-वीस सेकंद लागतात. ‘स्ट्रॉ मॅन’ हा शब्द कुठेही आलेला नाही. ‘तशा धोरणाला माझाही विरोध आहे’ हे वाक्य इथे सर्वांत मोलाचं, कारण समोरच्याने जमवलेली सगळी सहानुभूती त्या एका वाक्याने तुमच्याकडेही येते.

आता स्वतःकडून असं होऊ नये म्हणून काय करायचं? आपल्याकडच्या वादशास्त्रात याची तजवीज जुनी आहे. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं मांडायचं, मग त्याचं खंडन. न्यायसूत्रं या तर्क आणि वादावरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात वादात हरल्याचं मानण्याच्या बावीस जागा दिल्या आहेत, त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यांतलं एक आहे अननुभाषण. समोरच्याचं म्हणणं तीनदा सांगून झालं, सभेला कळलं, तरी ज्याला ते परत म्हणून दाखवता येत नाही तो हरला. उत्तर चूक की बरोबर हा प्रश्न तिथे पुढचा. मला हा नियम आजच्या स्पर्धांतही असायला हवा होता असं वाटतं. निदान निम्मी भाषणं तिथेच थांबली असती.

तो नियम सरावात आणता येतो. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने मिनिटभर बाजू मांडायची. दुसऱ्याने ती दोन वाक्यांत परत सांगायची आणि विचारायचं, “हेच म्हणालास ना?” पहिल्याने मनापासून ‘हो’ म्हणेपर्यंत खंडन सुरू करायचं नाही. सुरुवातीला तीन-चारदा ‘नाही’ येतं आणि मुलं चिडतात. गळलेली अट कोणती हे त्या चिडचिडीतच सापडतं.

प्रतिकूल वक्त्याने हे केलं असतं तर त्याला काय सुचलं असतं पाहा: “माझी मैत्रीण म्हणते, दोन महिने जादा शिकवून, फेरपरीक्षा घेऊनही जमलं नाही तरच मागे ठेवा. मी विचारतो, जी शाळा पाच वर्षांत वाचायला शिकवू शकली नाही, ती दोन महिन्यांत कशाच्या जोरावर शिकवेल? आणि मागे ठेवल्यावर पुढच्या वर्षी त्याच वर्गात, त्याच पद्धतीने शिकून वेगळं काय होईल?” आधीच्या वाक्यापेक्षा टाळ्या कमी मिळतील, पण अनुकूल बाजूला याचं उत्तर शोधावं लागेल. प्रामाणिकपणे पुन्हा सांगितलेल्या मताचा कमकुवत सांधाही तुम्हालाच आधी दिसतो, त्याचा हा फायदा.

एक मर्यादा इथेच सांगतो. समोरच्याच्या मतावरून पुढे काय निष्पन्न होतं हे दाखवणं म्हणजे बुजगावणं नव्हे. “तुमचा नियम मान्य केला तर वारंवार आजारी पडणारं मूलही मागे राहील” असं म्हणता येतं, कारण तसं त्या नियमातून खरंच निघू शकतं. फरक एवढाच की ‘तुम्ही असं म्हणालात’ आणि ‘तुमच्या म्हणण्यातून असं निघतं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं वाक्य म्हणताना ते कसं निघतं हेही सांगावं लागतं.

माणसावर घसरणं

“माझे प्रतिस्पर्धी दरवर्षी पहिल्या तिघांत येतात. नापास होण्याचं दुःख त्यांना काय कळणार?” हा ॲड होमिनेम. मुद्द्याला उत्तर न देता मुद्दा मांडणाऱ्याकडे बोट दाखवायचं. ते शिवीगाळीच्या रूपातच येतं असं नाही, उलट शाळांच्या स्पर्धांत ते बहुधा विनोदाच्या किंवा सहानुभूतीच्या रूपात येतं. “इंग्रजी माध्यमाच्या मोठ्या शाळेतून आलेल्यांना वाडीवरच्या शाळेचं काय ठाऊक” हाही तोच प्रकार, फक्त ऐकायला न्याय्य वाटतो.

तपासण्याची रीत साधी. तोच युक्तिवाद दुसऱ्या कोणाच्या तोंडी घाला. मागे ठेवण्याच्या बाजूचं ते म्हणणं, एकदा मागे राहिलेल्या मुलानेच मांडलं असतं तर त्याची कारणं बदलली असती का? बदलत नसतील, तर बोलणारा कोण याचा इथे संबंध नाही.

पण हा संबंध कधीच नसतो असंही नाही आणि इथे यादी पाठ करणारे फसतात. कोणी कारण देत असेल तर कारण तपासा. कोणी साक्ष देत असेल, म्हणजे ‘मी पाहिलं आहे, माझ्यावर विश्वास ठेवा’ असं म्हणत असेल, तर माणूस तपासावाच लागतो. “आमच्या शाळेत मागे ठेवलेली सगळी मुलं सुधारली” असं कोणी म्हटलं, तर ‘ती किती होती, तुम्हाला कसं कळलं, शाळा सोडून गेलेली त्यात धरली का’ हे विचारणं योग्यच. तसंच, एखाद्या शिकवणीवर्गाने काढलेल्या पाहणीत जादा परीक्षांचे फायदे दिसले, तर त्यात त्या वर्गाचा फायदा आहे हे सांगता येतं. मात्र त्यावरून पाहणी चुकीची ठरत नाही, ती स्वतंत्रपणे पडताळायला हवी एवढंच ठरतं. ‘म्हणून खोटी आहे’ असं म्हटलंत की दोष तुमच्याकडे आला.

उद्धटपणा आणि तर्कदोष यांतही गल्लत करू नका. “आपण तयारी न करता आलेला दिसता, कायदा 2019 मध्ये बदलला आहे” हे वाक्य वाईट शिष्टाचाराचं आहे, तरी त्यातली माहिती खरी आहे आणि तिला उत्तर द्यावंच लागेल. परीक्षक सभ्यतेचे गुण कापतील, तो त्यांचा प्रश्न.

तुमच्यावर असा वार झाला तर एका वाक्यात बाजूला व्हा: “माझे गुण किती, यावर आजचा विषय ठरत नाही. माझं कारण होतं ते असं.” लगेच कारण पुन्हा सांगा. मान खाली घालू नका आणि उलट वारही करू नका. कारण उलट वार केला की पुढचा दोष सुरू होतो.

‘तुम्ही तरी काय केलंत?’

प्रतिकूल वक्ता म्हणतो, मागे ठेवलं की मुलं शाळा सोडतात. अनुकूल बाजू उसळते, “आणि तुमच्या धोरणात नववी-दहावीत गळतात त्यांचं काय?” न्यायसूत्रांच्या बावीस निग्रहस्थानांत याचंही नाव आहे, मतानुज्ञा. आपल्यावरचा आरोप न खोडता तोच आरोप समोरच्यावर केला, तर आपल्यावरचा आरोप आपण मान्य केला असं धरायचं. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या सभेतही हे चालत असणार, एरवी त्याला नाव देण्याची गरज पडली नसती.

तरीही दोन धोरणांतलं बरं कोणतं, असा वाद असेल तर तुलना करावीच लागते आणि तिथे ‘तुमच्याकडेही गळती आहे’ हा मुद्दा ग्राह्य आहे. फक्त मान्य केलेलं उघड मान्य करून पुढे जा: “होय, मागे ठेवल्याने काही मुलं शाळा सोडतील. पण न वाचता येणाऱ्या मुलाला नववीत पोचवून जी गळती होते ती जास्त आहे, कारण…” इथे कारण असेल तरच हे वाक्य सुरू करा.

कावळा आणि फांदी

या विषयावर हमखास ऐकू येणारा युक्तिवाद: “2010 मध्ये नापास करणं बंद झालं आणि मुलांचं वाचन घसरलं. म्हणजे कायद्यामुळे घसरलं.” कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तेवढ्यावरून कावळ्याला दोषी धरलं आहे. मात्र ‘हा काकतालीय न्याय आहे’ म्हणून खाली बसणारा वक्ता मला कच्चा वाटतो, कारण आकडे समोरच्याच्या बाजूचे आहेत आणि ते खरेही आहेत. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या ग्रामीण भागातल्या पाहणीत, दुसरीचा उतारा वाचू शकणारी पाचवीतली मुलं 2010 मध्ये देशभरात निम्म्याहून थोडी जास्त होती. 2012 मध्ये ती निम्म्याहून खाली आली.

इथे तीन प्रश्न विचारता येतात. त्याच काळात दुसरं काय बदललं? घसरण कायद्यामुळेच झाली तर ती कशी, मधली कडी कोणती? आणि कायदा तसाच असताना पुढे काय झालं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच पाहणीत आहे. 2018 मध्ये, म्हणजे कलम 16 बदलण्याच्या आधी, हे प्रमाण पुन्हा निम्म्याच्या आसपास आलं होतं. कायदा तोच आणि वाचन थोडं वर. म्हणजे नुसत्या कायद्याने आकडे हलत नाहीत, दुसरंही काही काम करत असणार.

आता हात आवरा. यावरून कायदा निरुपद्रवी होता असं सिद्ध होत नाही. समोरच्याने दिलेला पुरावा त्याचा दावा पेलत नाही, एवढंच सिद्ध होतं. ‘तुमचा युक्तिवाद सदोष, म्हणून तुमचा निष्कर्ष खोटा’ हे म्हणणं स्वतःच एक तर्कदोष आहे. कच्च्या कारणावर उभा असलेला निष्कर्ष दुसऱ्या पक्क्या कारणाने खरा असू शकतो.

दोन दोष पटकन सांगतो. ‘एक तर नापास करा, नाही तर पिढी अडाणी ठेवा’ असे दोनच दरवाजे दाखवले की तिसरा उघडून दाखवा: सहावीत पाठवून रोज एक तास वाचन वेगळं घ्या. खंडन झालं. आणि ‘आज पाचवी, उद्या पहिली, परवा बालवाडीत नापास’ अशी घसरण दाखवली तर प्रत्येक पायरीला कारण मागा. कारणं मिळाली तर ती घसरण खरी असू शकते, म्हणून ऐकल्या-ऐकल्या हसू नका.

दोन मिनिटांत काय घ्यायचं

कागदावर पाच दोष सापडले म्हणून पाचही घेतलेत तर प्रत्येकाला जेमतेम चोवीस सेकंद. दोन घ्या, फार तर तीन. निवडताना एकच बघा, हा दोष काढून टाकला तर समोरच्याची बाजू कोसळते का? ओघात मारलेली कोटी, चुकलेलं उदाहरण, एखादा टोमणा यांना हात लावू नका. दोष नसलेल्या जागी दोष दाखवणं हे न्यायसूत्रांत निग्रहस्थान आहे, त्याला निरनुयोज्यानुयोग म्हणतात. आणि दाखवायलाच हवा असा दोष सोडून देणं हेही आहे, ते पर्यनुयोज्योपेक्षण. नावं जिभेला जड आहेत, पाठ करायची गरज नाही. दोन्हीकडे गुण जातात एवढं कळलं की झालं.

अनुकूल मुलीचं दोन मिनिटांचं खंडन असं आखता येईल. प्रतिकूल वक्त्याने तीन गोष्टी म्हटल्या होत्या: एका पेपरावर आयुष्य ठरवू नका, पहिल्या नंबराच्या मुलीला दुःख काय कळणार, आणि मागे ठेवलेली मुलं शाळा सोडतात.

“माझे मित्र एका पेपराबद्दल बोलले. मी म्हटलं होतं, दोन महिने जादा शिकवून आणि फेरपरीक्षा घेऊनही जमलं नाही तरच. एका पेपरावर मागे ठेवायला माझाही विरोध आहे. त्या दोन महिन्यांबद्दल मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. (वीस सेकंद.) त्यांचा गळतीचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि मी तो टाळणार नाही. मागे राहिल्याने काही मुलं शाळा सोडतील. म्हणूनच माझ्या मांडणीत मागे ठेवणं सर्वांत शेवटी येतं. पण वाचता न येणारं मूल सहावीत गेलं की त्याच्यासमोर भूगोल, विज्ञान, इतिहास अशी जाड पुस्तकं येतात आणि त्याला वाचायला शिकवणं हे तिथे कोणाचंच काम उरत नाही. ते पटावर असतं, शाळेत येतं, पण त्याचं शिकणं पाचवीतच थांबलेलं असतं. पाचवीत ठेवलं तर निदान वाचन शिकवणं हे त्या वर्गाचं काम राहतं. (सत्तर सेकंद.)” उरलेल्या अर्ध्या मिनिटात तिने आपलं मुख्य कारण पुन्हा मांडायचं.

पहिल्या नंबरावरच्या टोमण्याला तिने स्पर्शही केलेला नाही. परीक्षकांनी तो ऐकला आहे आणि तिने तिथे वीस सेकंद घालवली असती तर ती गळतीच्या उत्तरातून कापावी लागली असती. गळतीच्या मुद्द्याला तिने दोष म्हटलेलं नाही हेही बघा, कारण तो दोष नाही, चांगला मुद्दा आहे. तिच्या उत्तरात अजून एक भोक आहे: पाचवीत पुन्हा ठेवलेल्या मुलाला वाचन वेगळ्या पद्धतीने शिकवलं जाईल, हे तिने गृहीत धरलं आहे. प्रतिकूल बाजूची तयारी करणाऱ्याने आपल्या तिसऱ्या रकान्यात तेच लिहून ठेवावं.